सोळा पॅलेट

तात्यांचा फोनवर विश्वास नव्हता. म्हणजे फोनवर बोलायला त्यांची ना नव्हती, पण दिवसांचा आणि दराचा मामला असला की समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणूस फोनवर "हो, हो" म्हणतो आणि मागाहून कागदावर भलतंच निघतं. त्यामुळे लेकीनं दवाखान्यातल्या खाटेवरून दोनदा बजावलं होतं, "तात्या, गोदामाचं मी फोनवरून बघते, तुम्ही उगाच दगदग करू नका," तरी हा गृहस्थ सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ओळखपत्र खिशात टाकून निघालाच. लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं अडवलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. का अडवलं असतं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

तात्या सुतार. साधेसुधे नव्हेत, खुर्चीचे सुतार. अठ्ठावीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात काढली, कारखाना बंद पडला, आणि गेली साडेचार वर्षं घराच्या मागच्या शेडमध्ये ते एकटेच खुर्च्या करत होते. अस्सल लाकूड, सांध्यात एक खिळा नाही. आठवड्याला एक, फार झालं तर सव्वा. ते खुर्च्या करायचे आणि लेक विकायची. ती एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती, पण तिच्या ओळखीचा कुणी व्यापारी होता, तो दरवर्षी सगळा माल एकदम उचलायचा. तात्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल मत मात्र चांगलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी खुर्चीमागे भाव वाढवला, तर पठ्ठ्यानं हूं का चूं केलं नाही.

यंदा पहिल्यांदाच माल अडला. लेक म्हणाली, व्यापाऱ्याकडे जागा नाही, तीन महिने गोदामात ठेवू, मग तो नेईल. साठ खुर्च्या गेल्या गोदामात. तीन महिने उद्या संपत होते, व्यापारी आला नव्हता, आणि लेक जिन्यावरून घसरून घोटा मोडून तीन आठवडे दवाखान्यात पडलेली. मुदत वाढवायला हवी होती आणि वाढीव दिवसांचे किती घेतात ते नीट विचारायला हवं होतं. तात्यांना घाई होती, कारण सोमवारी त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार, ज्याला सगळे पॉलिशवालाच म्हणायचे, तो आपली नोकरी सोडून त्यांच्या शेडमध्ये कामाला येणार होता. नवीन लाकडाला विसारही दिला होता. दोघांनी मिळून वर्षाला शंभर खुर्च्या काढायच्या, असं ठरलं होतं. साठीच्या उंबरठ्यावर माणूस धंदा वाढवायला निघाला होता, आणि खरं सांगायचं तर मनातून भलताच खूश होता.

गोदाम गावाबाहेरच्या रस्त्यावर, लांबलचक पत्र्याची शेड. दारात ट्रक तोलायचा काटा, काट्यापलीकडे काचेची खोली, खोलीत काउंटर, काउंटरमागे जाड चष्म्याचा कारकून. समोर दोनच माणसं होती. तात्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि घरून घोकून आणलेलं बोलले.

"माल ठेवलाय आमचा. विकला गेला नाही अजून. मुदत उद्या संपते, ती वाढवून हवी. आणि वाढीव दिवसांचे कसे घेता, ते समजावून सांगा. आधी सांगा, मग सही करीन."

कारकुनाला असली माणसं आवडत असावीत, कारण तो खुर्ची पुढे ओढून नीट बसला. "सांगतो काका. माल पॅलेटवर असतो. पॅलेट म्हणजे खालची लाकडी चौकट, तिच्यावर रचलेला माल. एका पॅलेटला दिवसाला अठरा. मुदत संपायच्या आत वाढवलीत तर तोच दर. वाढ कमीत कमी तीस दिवसांची. चार दिवस हवे असले तरी तीसच भरायचे."

"आणि मुदत संपल्यावर आलं तर?"

"मग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुप्पट. छत्तीस."

"रविवार धरता?"

"माल रविवारी घरी जातो का काका?"

तात्यांना हे उत्तर पटलं. "आत आला तो दिवस आणि बाहेर जाईल तो दिवस?"

"दोन्ही धरतो. बाहेर काढताना चढवायची हमाली वेगळी. ती दिवसांत नाही."

साठ खुर्च्या, पॅलेटवर बारा, म्हणजे पाच पॅलेट. दिवसाला नव्वद, तीस दिवसांचे सत्तावीसशे. तात्यांनी बोटांवर मोजलं, बरोबर निघालं. सगळं कसं स्वच्छ होतं. त्यांनी ओळखपत्र पुढे सरकवलं. कारकुनानं नाव पाहिलं, संगणकात घातलं, कळा बडवल्या, थांबला, पुन्हा बडवल्या.

"वाढवता येत नाही," तो म्हणाला.

"का? उद्यापर्यंत मुदत आहे ना?"

"ह्या लॉटची आहे. पण तुमच्या खात्यावर एक नंबरचा लॉट थकलाय, अकरा दिवस. आधी तो मोकळा केल्याशिवाय संगणक चार नंबरला हात लावू देत नाही."

"चार नंबर कसला? आमचा एकच लॉट आहे."

"चार आहेत काका."

"तुमची काहीतरी गफलत झालीये," तात्या म्हणाले. आवाज अजून शांत होता. "मी आयुष्यात पहिल्यांदा गोदामात माल ठेवलाय. नाव नीट बघा. माझ्या नावाचा दुसरा कुणी असेल."

कारकुनानं पडदाच त्यांच्याकडे वळवला. मालक म्हणून तात्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पत्ता त्यांच्याच घराचा. संपर्काच्या रकान्यात लेकीचा फोन नंबर. आणि खाली चार ओळी. लॉट एक, लाकडी खुर्च्या, छत्तीस नग, तीन पॅलेट. लॉट दोन, लाकडी खुर्च्या, अठ्ठेचाळीस नग, चार पॅलेट. लॉट तीन, लाकडी खुर्च्या, अठ्ठेचाळीस नग, चार पॅलेट. लॉट चार, साठ नग, पाच पॅलेट. प्रत्येक ओळीपुढे माल आत आल्याची तारीख, आणि माल बाहेर गेल्याचा रकाना चारही ओळींत कोरा.

छत्तीस. पहिल्या वर्षी छत्तीसच झाल्या होत्या, कारण सुरुवातीला हात बसला नव्हता. मग अठ्ठेचाळीस. मग पुन्हा अठ्ठेचाळीस. तात्यांना आकडे काही संगणकानं सांगायला नको होते. त्यांनी काउंटरची कड धरली आणि तरीही, माणूस किती चिवट असतो बघा, तोंडातून निघालं ते असं: "हा माल विकला गेलाय."

"बाहेर गेलेला नाही," कारकून म्हणाला. त्याच्या आता लक्षात येऊ लागलं होतं की इथे नुसता दराचा प्रश्न नाही. "एक नंबरची मुदत चौदा वेळा वाढवलीये. दर तीन महिन्यांनी, एकदाही दिवस चुकला नव्हता. ह्याच वेळी चुकला, आणि थकलेलं फोनवरून भरता येत नाही."

ह्याच वेळी. लेक ऑपरेशनच्या गुंगीत होती, तेव्हा.

"मला माल बघायचाय," तात्या म्हणाले.

मालकाला माल बघायचा हक्क असतो. कारकुनानं वहीत सही घेतली, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवायला दिलं, चमकणारं जाकीट दिलं आणि पॅलेट उचलायची फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला हाक मारली. तो फोर्कलिफ्टवाला पुढे आणि तात्या मागे, असे ते रॅकांच्या मधल्या बोळातून चालले. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. टायर, पंखे, औषधांच्या पेट्या, कुणाकुणाचा न खपलेला माल. तात्यांना अजूनही वाटत होतं, आत गेल्यावर दुसऱ्याच कुणाच्या खुर्च्या निघतील. मनात ते जवळजवळ नवस बोलत होते की दुसऱ्याच्या निघाव्यात.

शेवटच्या रॅकपाशी फोर्कलिफ्टवाला थांबला. सगळ्यात खालच्या खणात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, खुर्च्याच खुर्च्या. तात्या उकिडवे बसले आणि त्यांनी प्लास्टिकला डोळा लावला. पाठीची खालची पट्टी सरळ होती. पहिल्या वर्षी ते पट्टी सरळ ठेवायचे, दुसऱ्या वर्षापासून तिला बाक द्यायला लागले, कारण बाक दिला की कंबरेला आधार मिळतो. बाक देणं सुचलं त्या रात्री त्यांनी लेकीला झोपेतून उठवून दाखवलं होतं. तीही बिचारी डोळे चोळत म्हणाली होती, फार छान, आता तर उड्या पडतील.

"काका, बरं नाही का वाटत?" फोर्कलिफ्टवाल्यानं विचारलं.

तात्यांनी नुसता हात हलवला.

"हा माल कधी हलतच नाही बघा," तो माणूस आपला सरळ मनानं बोलत राहिला. "पण ताई येतात दर तीन महिन्यांनी. प्लास्टिक सोडवतात, वाळवी लागलीये का बघतात, पुसतात, पुन्हा बांधतात. अर्धा दिवस जातो त्यांचा. तुमच्या कोण त्या?"

"लेक."

"मग ठीक. मला वाटायचं, कुणाचा एवढा जीव ह्या खुर्च्यांवर."

तात्यांनी प्लास्टिकची सुटलेली कड पुन्हा खोचली. मग, विचारू नये असं वाटत असतानाही, त्यांनी विचारलं, "कुणी बघायला येत नाही का? गिऱ्हाईक वगैरे?"

"पहिल्या वर्षी यायचे की. ताईच घेऊन यायच्या. दुकानदार, हॉटेलवाले. एक हॉटेलवाला तर माझ्यासमोर आला होता. खुर्ची बघून खूश झाला, अगदी हात फिरवला. मग उचलायला गेला आणि खालीच ठेवली. म्हणाला, बाई, ही सरकवणार कोण? माझ्या पोरींना झाडून काढताना वीस खुर्च्या उचलाव्या लागतात." फोर्कलिफ्टवाला हसला आणि तात्यांचं तोंड बघून एकदम थांबला. "जड आहेत ना काका जरा. तेवढंच."

जड. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तात्यांनी हलक्या, पोकळ, दोन वर्षांत डुगडुगणाऱ्या खुर्च्या केल्या होत्या आणि दर खुर्चीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. म्हणून स्वतःच्या शेडमध्ये त्यांनी पाय दोन बोटं जास्त जाड ठेवले. आपली खुर्ची जागची हलत नाही, ह्याचा त्यांना केवढा अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तेच सांगायचे. आणि चार वर्षांत एकाही माणसानं त्यांना सांगितलं नाही की बाबा रे, म्हणूनच कुणी घेत नाही. सांगणार तरी कोण म्हणा. गिऱ्हाईक आणि त्यांच्यामध्ये एक लेकच तर होती.

काचेच्या खोलीपर्यंत ते कसे परत आले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. डोक्यात एकच भुंगा. माल विकला गेला नाही, तर पैसे कुठून आले? दरवर्षी लेक पाकीट आणून हातात द्यायची, "व्यापाऱ्यानं दिले," म्हणून. ते मोजायचे, अर्धे लाकडाला ठेवायचे, अर्धे घरखर्चाला तिलाच द्यायचे, वर ऐटीत म्हणायचे, "घे, बापाच्या कमाईचे." तिची स्कूटर विकली गेली तेव्हा तिनं सांगितलं, चालणं बरं असतं. स्वतःचं छोटं घर घ्यायचं ठरवत होती, ते तिनं सोडून दिलं. आणि तात्यांनी तिला काय कमी बोल लावले होते? एवढा पगार, जातो कुठे तुझा? चारचौघांत, आत्याच्या समोर, म्हणाले होते की ह्या पोरीच्या हाताला भोक आहे. ती हसली होती.

भाव वाढवला होता मागच्या वर्षी. स्वतःच्या लेकीला. आणि तिनं तो हूं का चूं न करता दिला होता. यंदा जमलं नसणार, म्हणूनच व्यापाऱ्याकडे जागा नव्हती.

तात्या काउंटरला टेकून उभे राहिले. कारकुनानं पाण्याचा ग्लास पुढे केला. ते प्यायले.

"काका, नाही म्हटलं तरी आज काहीतरी करावं लागेल," तो हळूच म्हणाला. "एक नंबरचे दुप्पट दर चालूच आहेत. तीन पॅलेट, छत्तीसनं, अकरा दिवस. अकराशे अठ्ठ्याऐंशी. उद्या बारा दिवस होतील. आणि उद्या चार नंबरचीही मुदत संपतेय, परवापासून तोही दुप्पट. दोन आणि तीनला अजून दीड महिना आहे."

"आजचा दिवस धरलात त्या अकरात?"

"धरला."

"बरोबर आहे," तात्या म्हणाले. सवयीनं विचारलं होतं. उत्तर ऐकण्याइतकी जागा डोक्यात उरलेली नव्हती. "थकलेले भरतो. एक आणि चार, दोन्हींची तीस दिवस वाढवा. पुन्हा वाढवायला येणार नाही. तीस दिवसांत मी सगळा माल काढतो."

"चारही लॉट?"

"चारही."

"मग फोनवर ओटीपीचा आकडा जाईल, तो सांगा."

"माझ्या फोनवर?"

"नाही, खात्यावर जो नंबर आहे त्याच्यावर."

म्हणजे लेकीच्या. तात्या कारकुनाकडे बघत राहिले. घरी जाऊन काय बोलायचं, कसं बोलायचं, बोलायचंच की नाही, हे ठरवायला त्यांना निदान बसचा रस्ता तरी मिळेल असं वाटलं होतं. तोही मिळाला नाही. कारकुनानं कळ दाबली होती, आकडा गेला होता, आणि पाच मिनिटांत तो बाद होणार होता. त्यांनी फोन लावला.

लेकीनं पहिल्याच घंटेला उचलला. तिच्या फोनवर गोदामाचा निरोप येऊन पडलाच होता. ती "हॅलो" म्हणाली नाही.

"तात्या," ती म्हणाली, "कुठे आहात?"

"गोदामात."

पलीकडे दवाखान्यातल्या कुठल्यातरी ढकलगाडीची चाकं वाजत गेली.

"कोणत्या लॉटचं सांगितलं त्यांनी?" तिनं विचारलं. बिचारी अजून आशेवर होती.

"सगळ्यांचं. आत जाऊन बघून आलो."

कारकून मान खाली घालून कागद नीट लावत बसला. तात्यांना ओरडायचं होतं. मला मूर्ख बनवलंस म्हणायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, पायाला कसं आहे ते विचारायचं होतं. बाहेर मात्र भलतंच पडलं.

"जड आहेत, हे मला सांगितलं का नाहीस? पाय बारीक करायला मला एक दिवस लागला असता. एक दिवस, बाळ."

"पहिल्या वर्षी सांगणार होते," ती म्हणाली. "एका हॉटेलवाल्यानं नाही म्हटलं त्याच दिवशी. घरी आले तर तुम्ही शेडमध्ये शीळ घालत होता."

"मग?"

"मग काय तात्या. कारखाना बंद झाल्यावर नऊ महिने तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. आंघोळ सांगावी लागायची. मी कामावर जायचे तर शेजारच्या काकूंना सांगून जायचे, तासातासानं खिडकीतून डोकवा म्हणून. का डोकवायचं ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही त्यांना सांगितलं नाही." ती एका दमात बोलत गेली. "मला खुर्च्या विकल्या काय आणि न विकल्या काय. तुम्ही सकाळी उठत होता. मला रोज तेवढंच हवं होतं."

ते नऊ महिने तात्यांना आठवतच नव्हते नीट. आपण थोडे दिवस थकलो होतो, मग बरे झालो, असं त्यांच्या लेखी होतं. खिडकीतून कुणी डोकावत होतं, ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता. खुर्च्या पाहून जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा आता बसला. माल पडून राहिला हे लाजिरवाणं होतं, पण हे त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. इतकी वर्षं ही पोर दिवसाला अठरा, दिवसाला अठरा, असं करत आपल्यालाच राखत होती.

"काका," कारकून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आकड्याला दीड मिनिट राहिलंय."

"आकडा सांग," तात्या फोनमध्ये म्हणाले.

"किती दिवस वाढवताय?"

"तीसच. मग सगळ्या घरी आणतो. पॉलिशवाला सोमवारी येतोय, त्याला काम लागेल की. एकशे ब्याण्णव खुर्च्यांचे पाय तासायचेत."

मग तिनं भीतभीत विचारलं, लहानपणी दिवे गेल्यावर विचारायची तसं, "तात्या, उद्या सकाळी उठाल ना?"

तात्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"उठेन," ते म्हणाले. "आकडा सांग."

तिनं सहा आकडे सांगितले, आणि तात्यांनी ते एकेक करून कारकुनाला सांगितले.